फिकट भिंतीसमोरचा फोटो गडद बॅकग्राउंडवर नेला की केसांभोवती पांढरी कड उरते: कारण आणि उपाय

फोटोतली व्यक्ती फिकट भिंतीसमोर उभी आहे. तिला कापून गडद बॅकग्राउंडवर आणलं. चेहरा, खांदे, कपडे सगळं स्वच्छ दिसतं, पण केसांच्या बाहेरच्या टोकांना पांढरट-राखाडी कड चिकटलेली असते. मग आपण मास्क थोडा आत ढकलतो. कड जाते, पण तिच्याबरोबर बारीक केसही जातात आणि डोक्यावर टोप बसवल्यासारखं दिसायला लागतं. पुन्हा मास्क बाहेर घेतला की केस येतात आणि कडही येते. Feather वाढवून बघतो, Smooth वाढवून बघतो, ब्रशने एकेक बट पुसून बघतो. या फेऱ्यात तासन् तास जातात आणि शेवटी ‘एवढं चालतं’ म्हणून फाइल पुढे पाठवली जाते.

हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, कारण आपण चुकीच्या जागी दुरुस्ती करत असतो. बहुतेक वेळा मास्क ठीकच असतो. ती कड मास्कमध्ये नसते, केसांच्या पिक्सेलच्या रंगात असते. मास्क कितीही कोरला तरी पिक्सेलचा रंग बदलत नाही, म्हणून कड जात नाही.

खालच्या सगळ्या पायऱ्या फोटोशॉपमधल्या आहेत, विंडोजच्या शॉर्टकटसह. गिंपमध्ये काम करणाऱ्यांसाठी मध्ये एक भाग आहे. उदाहरण म्हणून एकच फोटो धरू: खांद्यापर्यंतचे कुरळे, गडद तपकिरी केस, मागे फिकट राखाडी भिंत, भिंतीवर डावीकडून प्रकाश पडलेला, आणि नवं बॅकग्राउंड गडद हिरवं.

एका पिक्सेलमध्ये काय होतं

एक सुटा केस फोटोत फार तर एक-दोन पिक्सेल रुंद येतो, बऱ्याचदा त्याहून कमी. म्हणजे केसाच्या टोकाचा पिक्सेल हा पूर्ण केस नसतो. त्यातला काही भाग केस असतो, उरलेला भाग मागची भिंत. कॅमेरा दोन्हींचा मिळून एकच रंग नोंदवतो. समजा केसाची उजळता ४० आहे, भिंतीची २२०, आणि त्या पिक्सेलचा ४० टक्के भाग केसाने व्यापलेला आहे. तर फोटोत येणारा आकडा असा:

```
केस × व्याप्ती + भिंत × (१ − व्याप्ती)
४० × ०.४ + २२० × ०.६ = १४८
```

आता तुमचा मास्क अगदी अचूक आहे असं धरा, म्हणजे त्या जागी मास्क बरोबर ४० टक्के आहे. नवं बॅकग्राउंड ६० आहे. फोटोशॉप काय करतं? तो १४८ चा पिक्सेल ४० टक्के दाखवतं आणि उरलेलं ६० टक्के नवं बॅकग्राउंड. उत्तर येतं ९५. पण ती व्यक्ती खरंच त्या गडद बॅकग्राउंडसमोर उभी असती, तर तिथे ५२ आला असता. आजूबाजूला ६० असताना ९५ चा पिक्सेल डोळ्याला लगेच टोचतो. हीच ती पांढरी कड. मास्क शंभर टक्के बरोबर असूनही ती आली, कारण १४८ मध्ये जुनी भिंत अजून मिसळलेली आहे.

हेच गणित फिकट बॅकग्राउंडसाठी करून पाहिलं तर आणखी एक गोष्ट कळते. नवं बॅकग्राउंड २०० असेल तर यायला हवा १३६ आणि येतो १७९. इथे कड दिसत नाही, पण केस बॅकग्राउंडपेक्षा जेवढा गडद दिसायला हवा त्याच्या तिसरा हिस्साच दिसतो. ‘बारीक केस मास्कमध्ये आहेत पण फोटोत दिसत नाहीत’ ही तक्रार ऐकली असेल, तिचं कारणही हेच. दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण मूळ एक आहे.

(प्रकाशाची खरी मिसळण सेन्सरवर होते आणि स्क्रीनवरचे आकडे त्यानंतर वक्र करून येतात, त्यामुळे वरचे आकडे तंतोतंत नाहीत. पण चूक कुठल्या दिशेने होते, ते यात बरोबर दिसतं.)

आधी ठरवा: दोष मास्कचा की रंगाचा

काही करण्याआधी ही चाचणी करा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. व्यक्तीच्या लेअरवर एक नवा रिकामा लेअर घ्या आणि `Ctrl+Alt+G` दाबून तो खालच्या लेअरला क्लिप करा. केसांच्या आतल्या दाट भागातून आयड्रॉपरने गडद तपकिरी रंग उचला आणि त्या रंगाने तो लेअर पूर्ण भरा. आता सगळी व्यक्ती एकाच तपकिरी रंगाची आकृती होईल, पण तिची कड तुमच्या मास्कचीच असेल. केसांची टोकं शंभर टक्के झूमवर नीट बघा.

आकृतीची कड स्वच्छ दिसत असेल, एकेक केस सुटा दिसत असेल आणि पांढरट कड गायब झाली असेल, तर मास्क चांगला आहे. त्याला हात लावू नका. दोष रंगाचा आहे.

केसांभोवती तपकिरी धूर पसरल्यासारखं दिसत असेल, किंवा दोन बटांमधली मोकळी जागा भरून गेलेली असेल, तर दोष मास्कचा आहे. तो आधी दुरुस्त करावा लागेल, नाहीतर रंग कितीही सुधारला तरी धूर राहणार. आणि आकृतीत सुटे केस मुळात दिसतच नसतील, तर मास्कने ते आधीच खाल्ले आहेत.

या चाचणीशिवाय Select and Mask उघडून स्लायडर हलवायला सुरुवात करू नका. तिथे मास्क आणि रंग दोन्ही एकत्र बदलता येतात आणि नेमकं कशामुळे काय सुधारलं ते कळेनासं होतं.

मास्कचा दोष असेल तर

गडद केस आणि फिकट, साधी भिंत असेल तर माझा भर चॅनलच्या पद्धतीवर आहे. तपकिरी केसांमध्ये निळा रंग सगळ्यात कमी असतो. राखाडी भिंतीत मात्र तो लाल आणि हिरव्याइतकाच असतो. म्हणून Blue चॅनलमध्ये केस आणि भिंत यांच्यातला फरक सगळ्यात मोठा दिसतो. तो चॅनल डुप्लिकेट करा, `Ctrl+I` ने उलटा करा, म्हणजे केस पांढरे आणि भिंत काळपट होईल. मग `Ctrl+L` ने Levels उघडा.

इथेच बहुतेकांचा हात जड पडतो. आपल्याला भिंत पूर्ण काळी हवी असते आणि केसांचा गाभा पूर्ण पांढरा, म्हणून आपण दोन्ही त्रिकोण एकमेकांजवळ आणतो. पण मधल्या राखाडी छटा हेच तर बारीक केस आहेत. त्या छटा दाबल्या की ४० टक्क्यांचा केस एकतर ० होतो किंवा १००. म्हणून काळा त्रिकोण भिंत जेमतेम काळी होईल एवढाच सरकवा आणि पांढरा त्रिकोण केसांचा दाट भाग पांढरा होऊ लागेल तिथे थांबवा. आपल्या उदाहरणात भिंत उलटी केल्यावर साधारण ३५ ते ४० येते, तर काळा त्रिकोण ४५ च्या आसपास पुरतो.

चेहरा आणि कपडे अर्थातच करडे राहतील. ते ब्रशने पांढरे रंगवा, किंवा शरीरासाठी Pen ने वेगळा मास्क करून जोडा. मी शरीर आणि केस नेहमी वेगळेच धरतो. खांद्याची कड कडक हवी असते, केसांची सैल, आणि एकाच सेटिंगने दोन्ही साधत नाही.

भिंतीवर डावीकडे उजेड आणि उजवीकडे सावली असेल तर एका Levels मध्ये दोन्ही बाजू काळ्या होणार नाहीत. उजवी बाजू काळी करायला गेलात की डावीकडचे केस जातात. चॅनलच्या दोन प्रती घ्या, एक डाव्या बाजूला बरोबर बसेल अशी, दुसरी उजव्या बाजूला, आणि डोक्याच्या मधोमध त्या जोडा. मध्ये केस दाट असल्यामुळे सांधा दिसत नाही.

उरलेला धूर घालवायला Burn टूल घ्या, Range मध्ये Shadows निवडा आणि Exposure दहा-पंधरा टक्के ठेवा. यामुळे भिंतीच्या काळपट छटा काळ्या होतात आणि केसांच्या उजळ छटा जवळपास तशाच राहतात. केस मजबूत करायचे असतील तर Dodge घेऊन Range मध्ये Highlights निवडा. एका जागी दोन-तीनदा फिरवलं की थांबा. बट एकदम खडूने ओढल्यासारखी कडक दिसायला लागली तर पुढे गेलात असं समजा.

भिंत खरंच काळी झाली का, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका. `F8` ने Info पॅनल उघडा आणि मास्कवर केसांपासून थोडं दूर कर्सर फिरवा. तिथे ० दिसायला हवं. ८ किंवा १० दिसत असेल तर स्क्रीनवर ते काळंच वाटतं, पण गडद बॅकग्राउंडवर तेवढ्यानेही केसांभोवती मंद तेजोवलय येतं. प्रिंटमध्ये तर ते आणखी उठून दिसू शकतं.

कुरळ्या केसांत एक जागा हमखास सुटते. आपल्या फोटोत उजव्या कानाच्या खाली एक बट गोल वळून परत केसांना टेकली आहे, आणि त्या गोलाच्या आत भिंतीचा छोटासा तुकडा अडकलाय, जेमतेम नखाएवढा. केसांचा गाभा पांढरा रंगवताना आपला ब्रश त्या खिडकीवरून जातो आणि जुनी भिंत तिथे कायमची राहते. बाहेरची सगळी कड सुंदर झाली तरी गडद बॅकग्राउंडवर तो एक फिकट ठिपका सगळं उघडं पाडतो. म्हणून गाभा रंगवायच्या आधी अशा खिडक्या शोधून ठेवा. रंगवताना ब्रशचा मोड Overlay ठेवलात तर पूर्ण काळ्या जागेला पांढरा रंग लागत नाही, त्यामुळे आधी काळ्या करून घेतलेल्या खिडक्या वाचतात.

भिंतीऐवजी मागे झाडं, कपाटं, गर्दी असेल तर चॅनलची पद्धत चालत नाही. तिथे Select and Mask मधला Refine Edge Brush हाच मार्ग. ब्रश केसांच्या फक्त टोकांवरून फिरवा, दाट भागात आत नेऊ नका, नाहीतर केसांच्या मध्येच अर्धपारदर्शक भोकं पडतात. Global Refinements मधले Smooth आणि Feather शून्यावर ठेवा. Smooth बारीक टोकं गोल करून टाकतं आणि Feather सगळ्या कडेला सारखंच मऊ करतं. खऱ्या फोटोत मात्र पुढची बट टोकदार असते आणि मागची फोकसबाहेर गेलेली असते. Shift Edge उणे करून कड घालवणं म्हणजेच केस कापणं, हे सुरुवातीला आलंच आहे.

रंगाचा दोष असेल तर

आता मुख्य काम. व्यक्तीच्या लेअरवर पुन्हा एक रिकामा लेअर घ्या आणि तो क्लिप करा. मऊ ब्रश, Opacity ३० ते ५० टक्के. जिथे कड दिसते त्याच्या थोडं आत, दाट केसांवर `Alt` दाबून रंग उचला आणि तिथून बाहेरच्या दिशेने, टोकांकडे रंगवत जा. लेअर क्लिप केलेला असल्यामुळे रंग मास्कच्या बाहेर जात नाही, केसाला लागतो तेवढाच लागतो. वरच्या गणितात १४८ च्या जागी ४० बसतो आणि नव्या बॅकग्राउंडवर बरोबर ५२ येतो. केसाची जाडी, पारदर्शकता सगळं मास्कमधून येतं, म्हणून बारीक केस बारीकच राहतात.

एकच रंग घेऊन सगळ्या डोक्याभोवती फिरवू नका. डोक्याच्या वर केस उजेडात जास्त तपकिरी असतात, मानेजवळ जवळजवळ काळे. दर दोन-तीन बोटांच्या अंतरावर नवीन रंग उचला.

या पद्धतीत एक धोका आहे. Normal मोडमध्ये रंगवताना ब्रश थोडा आत गेला की केसांवरची चमक आणि बटांमधल्या सावल्या पुसल्या जातात, सपाट पट्टा दिसतो. म्हणून दोन लेअर करा. अगदी बाहेरच्या, सुट्या केसांसाठी Normal मोडचा. तिथे मुळात तपशील नसतो, रंग सपाट झाला तरी चालतो. त्याच्या आतल्या पट्ट्यासाठी दुसरा लेअर Darken मोडमध्ये. Darken मध्ये तुमच्या रंगापेक्षा उजळ असलेल्या पिक्सेलवरच परिणाम होतो, गडद सावल्या तशाच राहतात. तिथे रंग उचलताना थोडा उजळ, केसांच्या चमकेच्या जवळचा उचला, म्हणजे भिंतीचा फिकटपणा जातो आणि चमक टिकते.

जुनी भिंत राखाडी नसून रंगीत असेल, उदाहरणार्थ निळं आकाश किंवा हिरवा पडदा, तर कड फिकट नसते पण तिला त्या रंगाची झाक येते. तेव्हा क्लिप केलेल्या लेअरचा मोड Color ठेवून केसांचा रंग भरा. उजळता तशीच राहते, झाक जाते. उजळतेचाही फरक असेल तर वरून Normal चा हात फिरवावा लागतोच.

Select and Mask मध्ये खाली Decontaminate Colors आहे. तेही हेच काम करतं, आतल्या पिक्सेलचा रंग बाहेरच्या अर्धपारदर्शक पिक्सेलवर ओढतं. घाईच्या कामाला चांगलं आहे. पण ते पिक्सेल खरोखर बदलतं, म्हणून ते निवडलं की आउटपुट नव्या लेअरवरच घ्यावं लागतं. New Layer with Layer Mask निवडा म्हणजे मूळ फोटो सुरक्षित राहील. आणि निकाल कानाजवळ, कपाळाजवळ बघा. केसांच्या टोकाच्या आत लगेच त्वचा असेल तर त्वचेचा रंग केसांवर ओढला जातो आणि टोकं गुलाबी-बदामी होतात. मी हा लेअर फक्त डोक्याच्या मागच्या आणि वरच्या भागासाठी ठेवतो, चेहऱ्याजवळचे केस हाताने रंगवतो.

नावाने मोहात पाडणारं पण वेगळ्या कामाचं आणखी एक टूल म्हणजे Layer > Matting > Defringe. ते कडेचे पिक्सेल आतल्या रंगाने बदलतं, पण कडक कडेसाठी बनलेलं आहे. कपबशी, मोबाइल, बूट यांना ठीक. केसांवर चालवलं तर एकेक टोक चिरल्यासारखं दिसतं.

मास्कशिवायचा मार्ग: Multiply

गडद केस आणि फिकट भिंत असेल तर बारीक केसांसाठी मास्कच टाळता येतो. मला हा मार्ग सगळ्यात जास्त आवडतो, विशेषतः नवं बॅकग्राउंड फिकट किंवा मध्यम असेल तेव्हा.

मूळ फोटोची एक प्रत घ्या, ती कापलेल्या व्यक्तीच्या खाली आणि नव्या बॅकग्राउंडच्या वर ठेवा. तिचा मोड Multiply करा. मग तिच्यावर Levels क्लिप करून पांढऱ्या आयड्रॉपरने केसांजवळच्या भिंतीवर क्लिक करा. भिंत पूर्ण पांढरी होते, आणि Multiply मध्ये पांढरं म्हणजे काहीच नाही. भिंत नाहीशी होते, केस उरतात. त्या लेअरला काळा मास्क देऊन फक्त केसांभोवतीचा पट्टा उघडा. वरच्या व्यक्तीच्या लेअरचा मास्क आता बेधडक आत घ्या, फक्त दाट केस उरतील इतका. बाहेरचे सगळे सुटे केस खालच्या लेअरमधून येतील.

गणित इथेही तपासून बघू. १४८ ला २२० ने भागून नव्या बॅकग्राउंडने गुणलं जातं. २०० च्या बॅकग्राउंडवर १३५ येतो, हवा होता १३६. जवळपास अचूक. ६० च्या बॅकग्राउंडवर ४० येतो, हवा होता ५२. थोडा जास्त गडद, पण गडद बॅकग्राउंडवर केस थोडा जास्त गडद दिसला तर कुणाच्या लक्षात येत नाही. उजळ दिसला तर लगेच येतं. म्हणजे गडद केसांसाठी ही पद्धत दोन्हीकडे चालते.

मर्यादाही स्पष्ट आहे. Multiply फक्त काळं करू शकतं, उजळ करू शकत नाही. केस पांढरे, सोनेरी किंवा मागून प्रकाश पडल्यामुळे चमकणारे असतील आणि बॅकग्राउंड गडद असेल, तर ते केस बॅकग्राउंडपेक्षा उजळ दिसायला हवेत आणि Multiply ते देऊच शकत नाही. तिथे रंगवण्याचीच पद्धत वापरा. उजळ केस काळ्या पडद्यासमोर घेतलेले असतील तर मात्र याच्या उलट युक्ती चालते: मोड Screen, आणि Levels मध्ये काळ्या आयड्रॉपरने पडद्यावर क्लिक. फिकट भिंतीसमोरचे पांढरे केस गडद बॅकग्राउंडवर नेणं हे या सगळ्यातलं सर्वांत अवघड काम आहे, कारण तिथे केस आणि भिंत यांच्यात मास्क बनवण्याइतकाही फरक नसतो. अशा फोटोत बाहेरचे केस नव्याने काढण्याची तयारी ठेवा.

गिंपमध्ये हेच काम Colors > Color to Alpha करतं. भिंतीचा रंग दिला की ते प्रत्येक पिक्सेलमधून तो रंग वजा करतं आणि पारदर्शकता व उरलेला रंग दोन्ही एकदम काढतं. गडद केसांवर निकाल Multiply सारखाच येतो. पण ते चेहरा आणि कपडेही अर्धपारदर्शक करून टाकतं, म्हणून त्या लेअरच्या वर मूळ फोटोची प्रत ठेवा आणि तिला दाट भागापुरता मास्क द्या. भिंत एकसारखी नसेल तर संवादचौकटीतला Transparency threshold थोडा वाढवा, म्हणजे भिंतीच्या जवळपासच्या छटाही पूर्ण पारदर्शक होतात. फार वाढवलात तर सगळ्यात फिकट केस पहिले जातील.

एवढं करूनही कड राहिली तर

मग मूळ फाइल तपासा. कॅमेऱ्याने किंवा मोबाइलने शार्पनिंग केलेलं असेल तर गडद केसाला लागून भिंतीपेक्षाही उजळ अशी एक बारीक रेघ असते. ती दोनशे-तीनशे टक्के झूमवर स्पष्ट दिसते. Multiply मध्ये ती भिंतीबरोबर जाते, कारण पांढऱ्याच्या पुढे काही नसतं. मास्कच्या पद्धतीत मात्र ती केसाचा भाग समजून आत येते. रॉ फाइल असेल तर शार्पनिंग शून्यावर आणून पुन्हा उघडा, १६ बिटमध्ये काम करा आणि शार्पनिंग सगळ्यात शेवटी, नवं चित्र जुळल्यावर करा.

जेपेगमध्ये आणखी एक अडचण असते. बऱ्याच जेपेग फाइलींत उजळतेचा तपशील पूर्ण ठेवून रंगाचा तपशील आडवा-उभा निम्मा केलेला असतो. त्यामुळे एका बारीक केसाचा रंग शेजारच्या भिंतीत पसरतो आणि भिंतीचा केसात. चॅटवरून आलेला, पुन्हा दाबलेला फोटो असेल तर निळ्या चॅनलमध्ये चौकोनी ठोकळेच दिसतील. अशा फाइलमध्ये Blue ऐवजी Green चॅनलवरून मास्क करा. फरक थोडा कमी मिळतो, पण कड बरीच स्वच्छ असते. आणि शक्य असेल तर मूळ फाइल मागा. त्या एका फोनने जितका वेळ वाचतो तितका कुठल्याच टूलने वाचत नाही.

तुमच्याकडे आधीच कापलेली पीएनजी आली असेल आणि तिला सगळीकडून एकसारखी पांढरी कड असेल, तर कुणीतरी ती पांढऱ्यावर मिसळून मग पारदर्शक केली आहे. तिथे Layer > Matting > Remove White Matte कामाला येतं, काळ्या कडेसाठी Remove Black Matte. मूळ बॅकग्राउंड खरंच पांढरं किंवा काळं असेल तरच याचा उपयोग. राखाडी भिंतीवर याने अर्धवट काम होतं आणि लेअरला मास्क असेल तर आधी तो लागू करावा लागतो, म्हणून प्रतीवरच करून बघा.

तुम्ही स्वतः पारदर्शक फाइल देत असाल तर क्लिप केलेले रंगाचे लेअर व्यक्तीच्या लेअरमध्ये मिसळून द्या आणि ती किमान दोन बॅकग्राउंडवर, एक अगदी गडद आणि एक अगदी फिकट, उघडून बघा. समोरचा ती कशावर ठेवेल ते आपल्या हातात नसतं. मास्क अचूक आणि रंग शुद्ध असेल तर ती दोन्हीवर सारखी बसते.

कुठले केस ठेवायचे

प्रत्येक उडता केस वाचवायची गरज नाही. डोक्यापासून लांब, एकटा, अर्धवट तुटलेला केस नव्या बॅकग्राउंडवर घाणीसारखा दिसतो, तो खुशाल पुसा. पण सगळेच पुसू नका. कडेचे सगळे केस गुळगुळीत झाले की डोळा लगेच ओळखतो की हे कापलेलं आहे, मग मास्क कितीही सुबक असो.

गेलेले केस परत काढायचे असतील तर वेगळ्या लेअरवर दोन-तीन पिक्सेलचा ब्रश घ्या, पेन टॅबलेट असेल तर दाबावर जाडी बदलेल असा. रंग जवळच्या बटेतून उचला आणि मुळाकडून टोकाकडे एका झटक्यात ओढा. शेजारच्या केसांचा कल ज्या दिशेने आहे त्याच दिशेने, पण अगदी समांतर नको. दोन केस एकमेकांना छेदून गेले की खरे वाटतात. नंतर त्या लेअरला शेजारच्या खऱ्या केसांइतका मऊपणा आणि फोटोइतका नॉइज द्या, नाहीतर काढलेले केस जास्तच स्वच्छ म्हणून उठून दिसतात.

आणि फोटो अजून काढायचा असेल, तुमच्या हातात असेल, तर नवं बॅकग्राउंड कसं आहे ते आधी विचारून घ्या. ते गडद असेल तर पांढऱ्या भिंतीऐवजी मध्यम राखाडी पडद्यासमोर फोटो घ्या आणि व्यक्तीला पडद्यापासून दोन-तीन पावलं पुढे उभं करा. केसांच्या टोकात मिसळणारा रंगच नव्या बॅकग्राउंडच्या जवळचा असेल तर वरच्या गणितातला ९५ आणि ५२ मधला फरक बराच कमी होतो. भिंत २२० ऐवजी १२० असती तर तोच पिक्सेल ८८ आला असता आणि नव्या बॅकग्राउंडवर ७१ दिसला असता. तेवढी कड रंगाच्या एका हलक्या लेअरने निघते.